"व्हिसा स्पॉन्सर करता का?" हे रिक्रूटरला पहिल्याच फोनवर कसं विचारायचं

बाहेरच्या देशात नोकरी शोधणाऱ्या बहुतेक लोकांना हा प्रश्न माहीत असतो, पण तो विचारायची वेळ आली की जीभ अडखळते. मनात असं असतं की आधी माझं काम बघू देत, एकदा आवडलो की व्हिसाचं ते करतीलच काहीतरी. मग स्क्रीनिंग कॉल, टेक्निकल राउंड, मॅनेजर, घरी करायची असाइनमेंट असं सगळं पार पडतं आणि शेवटी एचआरकडून दोन ओळींचं मेल येतं की या पोझिशनसाठी आम्ही स्पॉन्सरशिप देऊ शकत नाही. मी भरतीच्या कामात असल्यामुळे हे मेल पाठवणाऱ्यांच्या बाजूला बसते, आणि खरं सांगायचं तर ते पाठवताना आमच्याकडेही चिडचिडच असते, कारण मॅनेजरचे तास गेलेले असतात आणि आता परत पहिल्यापासून शोधायचं असतं. उशिरा कळलं म्हणून कंपनीने धोरण बदललं असं क्वचितच होतं.

तर लवकर विचारायचं, यात वाद नाही. पण "तुम्ही व्हिसा स्पॉन्सर करता का?" एवढाच प्रश्न विचारला तर त्याला मिळणाऱ्या "हो" ला फारसा अर्थ नसतो, आणि लोक नेमके तिथेच फसतात. त्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. कंपनीला परदेशी माणूस घ्यायची सरकारी परवानगी आहे का, हा पहिला. ही जागा, या पगारावर, तुमच्या आत्ताच्या परिस्थितीत नियमात बसते का, हा दुसरा. आणि या जागेसाठी तो खर्च करायला कोणी मंजुरी दिलीय का, हा तिसरा. रिक्रूटर बिचारी पहिला ऐकते, "हो, आमच्याकडे लायसन्स आहे" म्हणते, तुम्ही तिन्हींचं उत्तर मिळालं असं धरून चालता. ती खोटं बोललेली नसते.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक देश नीट घेऊ. ब्रिटन घेते, कारण तिथली पद्धत बऱ्यापैकी उघडी आहे आणि अर्ध्या गोष्टी तुम्हाला फोनच्या आधी स्वतःच बघता येतात. अमेरिकेचं वेगळं आहे, ते नंतर.

ब्रिटनमध्ये ऑफिसातल्या शिकलेल्या कामांसाठीचा नेहमीचा रस्ता म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसा, हा डिसेंबर 2020 पासून आहे. त्यासाठी कंपनीकडे गृहखात्याचं, म्हणजे होम ऑफिसचं स्पॉन्सर लायसन्स लागतं. लायसन्स असेल तर कंपनी तुमच्या नावाने एक सीओएस देते, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. नाव सर्टिफिकेट असलं तरी कागद वगैरे काही नसतो, ऑनलाइन नोंद असते आणि तिचा एक नंबर असतो. तो नंबर घेऊन व्हिसाचा अर्ज तुम्ही करायचा, आणि सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायचा, नाहीतर तो नंबर बाद.

आता लायसन्स कोणाकडे आहे याची पूर्ण यादी सरकार स्वतः छापतं. `gov.uk` वर `Register of licensed sponsors: workers` असं शोधलं की फाइल मिळते, ती जवळजवळ रोज अपडेट होते, आणि फुकट आहे. रिक्रूटरचा मेसेज आला की आधी ही फाइल उघडायची. पण त्यात नुसतं नाव दिसलं म्हणून खुश व्हायचं नाही, आणि नाही दिसलं म्हणून लगेच निराशही व्हायचं नाही. यादीत असतं कंपनीचं रजिस्टर झालेलं कायदेशीर नाव, जाहिरातीतलं ब्रँडचं नाव बरेचदा वेगळं असतं. वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात किंवा प्रायव्हसी पॉलिसीत ते खरं नाव सापडतं, ते टाकून शोधायचं. ग्रुपच्या चार कंपन्या असतील तर लायसन्स एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे असंही होतं, म्हणून ऑफर कुठल्या कंपनीच्या नावाने निघणार हे विचारणं फालतू नाही.

त्याच ओळीत पुढे अजून दोन गोष्टी लिहिलेल्या असतात ज्या बहुतेक लोक वाचतच नाहीत. एक म्हणजे रेटिंग. ए असेल तर ठीक. बी म्हणजे सरकारला त्या कंपनीच्या कारभारात त्रुटी सापडल्यात, त्या सुधारेपर्यंत तिला नव्या माणसाला सीओएस देता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रूट, आणि ही जास्त महत्त्वाची. तिथे `Skilled Worker` असं लिहिलेलं हवं. काही कंपन्यांसमोर फक्त `Global Business Mobility` असा प्रकार दिसतो, त्याचा अर्थ ती कंपनी तिच्याच दुसऱ्या देशातल्या ऑफिसमधली माणसं इकडे हलवू शकते, बाहेरून नवा माणूस या लायसन्सवर घेऊ शकत नाही. अशा कंपनीची रिक्रूटर "हो हो, आमच्याकडे दरवर्षी लोक येतात व्हिसावर" असं अगदी मनापासून सांगेल, तिने ते डोळ्यांनी बघितलेलं असतं, पण ते लोक आतले होते आणि तुम्ही बाहेरचे.

समजा हे सगळं जुळलं. यादीत नाव आहे, रेटिंग ए आहे, रूट बरोबर आहे. आता पगाराचा भाग येतो, आणि माझ्या मते खरी गोची इथे आहे, लायसन्समध्ये नाही.

स्किल्ड वर्करला एक सर्वसाधारण किमान पगार आहे, तो 22 जुलै 2025 पासून वर्षाला 41,700 पौंड झाला, त्याच्या आधी 38,700 होता आणि एप्रिल 2024 च्या आधी तर 26,200. म्हणजे दोन वर्षं जुना सल्ला आज पूर्णपणे चुकीचा असू शकतो, कोणाच्या ओळखीचा "आरामात झालं" म्हणाला तरी. शिवाय प्रत्येक कामाला एक सरकारी कोड असतो आणि त्या कोडचा स्वतःचा एक ठरलेला दर असतो, त्याला गोइंग रेट म्हणतात. तुमचा पगार दोन्हींपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे दोन्हींतला जो मोठा आकडा असेल तो गाठायचा. बोनस त्यात धरत नाहीत, पक्का मूळ पगारच बघतात. 22 जुलै 2025 पासूनच कामाची पातळीही वर नेली, साधारण पदवी लागेल अशीच कामं आता नेहमीच्या नियमात बसतात, खालच्या पातळीची काही थोडी कामं वेगळ्या यादीतून चालतात.

उदाहरण घेऊ, म्हणजे डोक्यात बसेल. एका कंपनीत एक जागा आहे, पगार 39,000 पौंड. गणित सोपं जावं म्हणून धरू की त्या कामाच्या कोडचा गोइंग रेट 50,000 आहे. दोन उमेदवार आहेत. पहिला 31 वर्षांचा, सात वर्षांचा अनुभव, ब्रिटनच्या बाहेर राहतो. दुसरी 27 ची, ब्रिटनमध्येच मास्टर्स केलंय, स्टुडंट व्हिसा संपून अजून वर्षही झालं नाही, आत्ता ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिकून झाल्यावर काही काळ स्पॉन्सरशिवाय काम करू देणाऱ्या व्हिसावर आहे. दोघांनीही रिक्रूटरला विचारलं स्पॉन्सर करता का, दोघांनाही उत्तर मिळालं हो.

पहिल्याला 50,000 लागतात. 39,000 म्हणजे तो 11,000 ने खाली आहे, संपलं, कंपनीची कितीही इच्छा असली तरी सीओएस देऊन उपयोग नाही, व्हिसा नाकारला जाईल. दुसरीचं गणित वेगळं आहे. तिला न्यू एंट्रंट म्हणतात, म्हणजे अर्जाच्या दिवशी वय 26 च्या खाली किंवा शिक्षण नुकतंच तिथे संपलेलं, स्टुडंट व्हिसा संपून दोन वर्षं व्हायच्या आतलं. वयात ती बसत नाही पण शिक्षणात बसते. अशांना गोइंग रेटच्या 70 टक्के पुरतात, फक्त कमीत कमी 33,400 हवेत. 50,000 चे 70 टक्के म्हणजे 35,000, आणि पगार 39,000, म्हणजे ती आरामात बसते. तीच जागा, तोच पगार, तीच कंपनी, आणि अनुभवी माणूस बाहेर, फ्रेशर आत. उलटं वाटतं पण असंच आहे.

तिच्यापुढेही एक अडचण आहेच, ती कोणी पहिल्या फोनवर सांगत नाही. न्यू एंट्रंटची सवलत एकूण चार वर्षंच असते आणि ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेला काळ त्यातूनच कापला जातो. म्हणजे एक वर्ष ग्रॅज्युएट व्हिसावर गेलं असेल तर स्पॉन्सरशिप तीनच वर्षांची, आणि तीन वर्षांनी व्हिसा वाढवायचा तर तेव्हाचा पूर्ण दर लागणार, जो आजच्यापेक्षा जास्तच असेल असं धरून चाला. 39,000 वरून तीन वर्षांत तिथे पोचणं या कंपनीत शक्य आहे का, हा प्रश्न ऑफरच्या वेळी विचारायचा आहे, पहिल्या फोनवर नको, पण डोक्यात ठेवायचाच.

यावरून लक्षात येईल की रिक्रूटरला पगाराची रेंज पहिल्याच फोनवर विचारणं किती गरजेचं आहे. एरवी पगार आधी विचारला तर बरं दिसत नाही असं काही लोकांना वाटतं, पण स्पॉन्सरशिप लागणाऱ्या माणसासाठी पगाराचा आकडा ही कायद्याची अट आहे, हाव नाही. हे असंच सांगितलं तरी चालतं की बाई, माझ्या व्हिसाला अमुक आकडा लागतो म्हणून विचारतोय. आणि शक्य असेल तर कामाचा कोडही विचारा, निदान त्यांच्या एचआरने कुठला धरलाय ते. रिक्रूटरला बहुतेक माहीत नसतो, पण ती विचारून सांगेल, आणि त्या निमित्ताने प्रश्न योग्य टेबलावर जातो. एकदा कोड मिळाला की त्याचा दर सरकारी तक्त्यात तुम्हीच बघा, आणि अर्ज करायच्या वेळी परत बघा, कारण हे आकडे बदलत राहतात.

आता तिसरा भाग, पैसा. कंपन्या नाही का म्हणतात ते कळलं की बोलणं सोपं होतं. लायसन्सची फी ही एकदाची आहे, तिचं फार काही नसतं. प्रत्येक माणसामागे मात्र खर्च येतो. सीओएसची फी एप्रिल 2025 मध्ये 239 वरून एकदम 525 पौंड झाली. त्यावर इमिग्रेशन स्किल्स चार्ज म्हणून एक रक्कम वर्षागणिक लागते, डिसेंबर 2025 पासून मोठ्या कंपनीला वर्षाला 1,320 आणि छोट्या कंपनीला 480. म्हणजे मोठ्या कंपनीने तीन वर्षांसाठी माणूस घेतला तर 3,960 अधिक 525, एकूण 4,485 पौंड, आणि हे व्हिसाला अर्ज करायच्या आधीच भरायचे, वकिलाची फी वेगळी. रिक्रूटरच्या बजेटमध्ये हा आकडा नसतो, तो मॅनेजरच्या किंवा डिपार्टमेंटच्या खात्यातून जातो, म्हणून कंपनी स्पॉन्सर करते आणि ही टीम करत नाही असं एकाच इमारतीत दिसतं.

आणि पैशाइतकाच कटकटीचा भाग आहे. स्पॉन्सर केलेला माणूस कामावर आलाच नाही, सोडून गेला, पगार कमी झाला, असं काही झालं की कंपनीला बहुतेक बाबतीत 10 कामाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवावं लागतं. हे सांभाळलं नाही तर लायसन्स जाऊ शकतं. ज्या छोट्या कंपनीत एचआर म्हणून एकच माणूस आहे आणि तोच पगारपत्रकंही बघतो, तिथे "आम्ही स्पॉन्सर करत नाही" याचा अर्थ बरेचदा "हे सांभाळायला आमच्याकडे कोणी नाही" असा असतो. त्यात तुमच्या लायकीबद्दल काही नसतं.

इथेच एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. स्किल्स चार्ज कंपनीनेच भरायचा असतो, तो तुमच्याकडून घेणं नियमाविरुद्ध आहे, आणि 31 डिसेंबर 2024 पासून दिलेल्या स्किल्ड वर्कर सीओएसची फी सुद्धा तुमच्या माथी मारता येत नाही. तुमचा खर्च म्हणजे व्हिसाची फी आणि हेल्थ सरचार्ज, जो वर्षाला 1,035 पौंड आहे, तीन वर्षांचे 3,105 एकदम भरावे लागतात. ते काही कंपन्या देतात, काही देत नाहीत, काही देतात पण दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत घेतात, हे विचारायला हरकत नाही. पण कोणी एजंट किंवा "रिक्रूटर" सीओएससाठी अमुक लाख भरा म्हणाला तर तिथेच फोन ठेवायचा. "कंपनीचं नाव नंतर सांगतो, आधी टोकन भरा" हे तर सरळसरळ फसवणुकीचं लक्षण आहे, कारण खऱ्या कंपनीचं नाव लपवायचं कारणच नाही, यादी सगळ्या जगाला दिसते.

मग विचारायचं कधी आणि कसं? माझं मत असं की रिक्रूटरने पहिल्यांदा संपर्क केला आणि तुम्हाला जागेत रस आहे, तर कॉलची वेळ ठरवतानाच्या त्याच उत्तरात विचारायचं. लेखी विचारलं की तिला तिथल्या तिथे अंदाजाने उत्तर द्यावं लागत नाही, ती एचआरला फॉरवर्ड करू शकते, आणि तुमच्याकडे उत्तर लेखी राहतं. कॉल आधीच चालू असेल तर कामाबद्दल दोन-पाच मिनिटं बोलून झाल्यावर, पण फोन ठेवायच्या आत. अगदी पहिलं वाक्यच व्हिसाचं असलं की समोरच्याला तुम्ही कोण आहात हेच कळलेलं नसतं.

मजकूर साधारण असा ठेवा, तुमच्या भाषेत आणि तुमच्या परिस्थितीप्रमाणे: "या जागेत मला रस आहे. आधीच स्पष्ट करतो, मी सध्या ब्रिटनच्या बाहेर आहे आणि मला स्किल्ड वर्कर स्पॉन्सरशिप लागेल, आधी कधी तिथे नोकरी केलेली नाही. या विशिष्ट जागेसाठी बाहेरच्या उमेदवाराला सीओएस द्यायची मंजुरी आहे का, आणि पगाराची रेंज काय आहे, म्हणजे व्हिसाच्या किमान पगारात बसतं का ते मला बघता येईल. तुम्हाला एचआरला विचारावं लागलं तरी चालेल." बस, एवढंच. माफी मागायची नाही, "मला माहितीये हे त्रासदायक आहे पण" असलं काही लिहायचं नाही, आणि व्हिसाचा पूर्ण इतिहासही नको. ती वाचून तसंच्या तसं पुढे पाठवू शकेल इतकं ते आटोपशीर हवं.

यात दोन शब्द मुद्दाम आहेत. "या विशिष्ट जागेसाठी", कारण कंपनीचं धोरण आणि या जागेचं बजेट वेगळं असतं हे वर आलंच. आणि "बाहेरच्या उमेदवाराला", कारण देशाबाहेरच्या माणसासाठी आणि आत असलेल्यासाठी सीओएसचे दोन वेगळे प्रकार आहेत. बाहेरच्याचा डिफाइन्ड, तो कंपनीला प्रत्येक माणसामागे होम ऑफिसकडे वेगळा मागावा लागतो. आतल्याचा अनडिफाइन्ड, तो कंपनीला वर्षासाठी मिळालेल्या कोट्यातून जातो. काही कंपन्या फक्त दुसराच करतात, म्हणजे तिथल्या तिथे व्हिसा बदलणाऱ्यांना घेतात, बाहेरून आणत नाहीत. तुम्ही आत असाल, ग्रॅज्युएट व्हिसावर असाल, तर तेही स्पष्ट लिहा, कुठला व्हिसा आणि तो कधी संपतो. "मला आत्ता काम करायची परवानगी आहे" एवढंच सांगून बाकी गिळून टाकणारे बरेच असतात, तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही, पण आठ महिन्यांनी व्हिसा संपतोय हे कळलं की मॅनेजरला फसवल्यासारखंच वाटतं.

उत्तर आलं की ते वाचायला शिकावं लागतं. "हो, या लेव्हलला आम्ही करतो, गेल्याच महिन्यात याच टीममध्ये एकाला केलं" हे सगळ्यात चांगलं, यात जागा, लेव्हल आणि ताजेपणा तिन्ही आहे. "केस बाय केस बघतो" हे नाही नसतं पण हो तर मुळीच नसतं, याचा अर्थ कोणीतरी एक माणूस शेवटी ठरवणार, तर नम्रपणे विचारायचं की ते कोण ठरवतं आणि मुलाखतीआधी त्यांना विचारता येईल का. "योग्य उमेदवार असेल तर करू" हे ऐकून हुरळू नका, मी स्वतः हे वाक्य खूप ऐकलंय आणि बरेचदा त्यामागे कोणाला काही विचारलेलंच नसतं. "लायसन्स नाही पण काढू" हे कधीकधी खरं असतं, लायसन्सच्या अर्जाचा निर्णय साधारण 8 आठवड्यांत येतो, पण कंपनीने अर्ज केलाय का की नुसता विचार आहे ते विचारा, कारण त्या 8 आठवड्यांत दुसरा उमेदवार सापडतो. आणि "तुमच्याकडे काम करायचा हक्क असायलाच हवा" हे साचेबद्ध वाक्य आलं तर ते नाहीच समजा, धन्यवाद म्हणा, पुढे कधी बदललं तर कळवा म्हणा आणि पुढच्या जागेकडे वळा.

रिक्रूटर एजन्सीची असेल तर अजून एक पायरी वाढते. तिचं गिऱ्हाईक कंपनी असते, ती यादीतून नावं पाठवते, स्पॉन्सरशिपबद्दल तिला बहुतेक वेळा जॉब ब्रीफमध्ये लिहिलंय तेवढंच माहीत असतं. तिने हो म्हटलं तर नोकरी देणारी कंपनी कोणती ते विचारा आणि रजिस्टरमध्ये त्या कंपनीचं नाव बघा, एजन्सीचं नको. सुरुवातीला नाव सांगत नाहीत हे नेहमीचंच, पण सीव्ही पुढे पाठवायच्या आधी तरी कळलंच पाहिजे.

अमेरिकेचं थोडक्यात, कारण तिथे हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आधी फॉर्मच तुम्हाला विचारतो. दोन प्रश्न असतात, एक की तुम्हाला आत्ता कायदेशीर काम करता येतं का, आणि दुसरा की आत्ता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का. शिक्षणानंतर काही काळ काम करू देणाऱ्या ओपीटी परवानगीवर असलेले लोक पहिल्याला हो म्हणतात ते बरोबर, पण दुसऱ्यालाही बहुतेकांचं खरं उत्तर हो असतं, त्या "पुढे कधी" मुळे. तिथे नाही टिक करून आत शिरायचं आणि नंतर बघू, असं करू नका, ते तुमच्या नावावर लेखी राहतं आणि ऑफर मागे घ्यायला तेवढं कारण पुरतं.

आणि तिथे "स्पॉन्सर" म्हणजे नेमकं काय हे ब्रिटनपेक्षा जास्त फुटलेलं आहे. एच-वन-बी हा तिथला शिकलेल्या कामांसाठीचा नेहमीचा व्हिसा. नवीन एच-वन-बी म्हणजे वर्षाला 65,000 चा कोटा आणि तिथल्या मास्टर्स किंवा वरच्या पदवीवाल्यांसाठी 20,000 जादा, नोंदणी मार्चमध्ये, लॉटरीत निवड झाली तरी काम ऑक्टोबरपासून. म्हणजे जुलैमध्ये रिक्रूटरने परदेशातल्या माणसाला "आम्ही करतो" म्हटलं तर सगळं सुरळीत होऊनही तो पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कामाला लागणार, तोपर्यंत कुठली टीम थांबेल? विद्यापीठं आणि काही संशोधन संस्था या कोट्याबाहेर आहेत, ते वेगळं. ट्रान्सफर म्हणजे आधीच एच-वन-बीवर असलेल्याने कंपनी बदलणं, त्याला लॉटरी नाही, आणि नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की काम सुरू करता येतं. ब्रिटनमध्ये उलट, तिथे नवा व्हिसा मंजूर होईपर्यंत नव्या कंपनीत थांबावं लागतं. त्यात 21 सप्टेंबर 2025 पासून, देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जावर 1,00,000 डॉलरची रक्कम लावली गेली, सुरुवातीला 12 महिन्यांसाठी, त्यामुळे बऱ्याच कंपन्या "ट्रान्सफर चालेल, नवीन नाही" असं स्पष्ट सांगतात. म्हणून तिथे विचारताना नवीन, ट्रान्सफर की ओपीटी संपल्यावरची नोंदणी, हे नाव घेऊनच विचारा. कंपनीने मागे किती एच-वन-बी केलेत ते सरकारच्या `H-1B Employer Data Hub` मध्ये कंपनीच्या नावाने बघता येतं. तिथेही कायदेशीर नावाचीच भानगड आहे.

पुन्हा ब्रिटनकडे, एक शेवटची गोष्ट. पहिल्या फोनवर मिळालेलं हो हे त्या दिवसापुरतं असतं. शेवटच्या राउंडच्या आधी एकदा त्याच मेलच्या धाग्यात खात्री करून घ्या, पगार अजून तोच आहे ना आणि मंजुरी अजून आहे ना, कारण मधल्या काळात मॅनेजर बदलतात, बजेट गोठतं. ऑफर लेटर आलं की त्यात सीओएस कोण देणार, किती वर्षांचा, सरचार्ज कोण भरणार, आणि जॉइनिंगची तारीख व्हिसा मिळण्यावर अवलंबून आहे का, हे लिहिलेलं बघा. बाहेरून अर्ज केला तर सगळी कागदपत्रं आणि बायोमेट्रिक दिल्यावर साधारण 3 आठवड्यांत निर्णय येतो, त्याच्या आधी सीओएसला लागणारे दिवस धरा. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत आत्ताच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, नोटीस पीरियड मोठा असेल तर नव्या कंपनीला ते आधीच सांगा, ते तारीख पुढे ढकलतात, त्यांना याची सवय असते.